११ एप्रिल, १४ एप्रिल आणि राशीची पट्टी



एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संयुक्त जयंतीची तयारी सुरू होती, तेव्हा आमच्या अभ्यासवर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक चित्र येऊन पडलं. डावीकडे जोतीराव, उजवीकडे बाबासाहेब, खाली मेंढ्याचं चिन्ह. मजकूर असा की दोघेही मेष राशीचे, म्हणून दोघेही निडर आणि बंडखोर. अंगठ्यांचा आणि निळ्या हृदयांचा पाऊस पडला. तासाभराने वस्तीतल्या एका काकांनी खाली लिहिलं, "पंचांग बघा. बाबासाहेब मेषेचे, पण जोतीराव मीनेचे." आणि मग जे व्हायचं ते झालं. निम्मा ग्रुप म्हणे गुगल बरोबर, निम्मा म्हणे पंचांग बरोबर.

आम्हाला आधी वाटलं, हा विषय इथेच बंद करावा. शाळेत शिकायला मिळावं म्हणून आयुष्य झिजवणाऱ्या माणसाचं बंड आम्ही मेंढ्याच्या खात्यावर टाकतोय, याहून मोठा विनोद काय असणार? पण त्याच आठवड्यात अभ्यासवर्गातल्या एका ताईचं जमत आलेलं लग्न मोडलं, आणि तेही राशीवरून. त्यामुळे विषय बंद करण्याची सोय उरली नाही. "आम्ही मानत नाही" एवढं म्हणून भागत नव्हतं. समोरचा माणूस नेमकं काय मोजतोय आणि कुठे चुकतोय हे सांगता यायला हवं होतं. म्हणून आम्ही चार-पाच जण एका रविवारी पंचांग, कॅलक्युलेटर आणि कोरी वही घेऊन बसलो. त्या बैठकीत जे कळलं ते इथे मांडतो. लग्नाचं पुढे येईलच.

सुरुवात सूर्यापासून करू. पृथ्वी सूर्याभोवती फिरते. त्यामुळे आपल्याला इथून सूर्य ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर वर्षभरात एक पूर्ण फेरी मारताना दिसतो. त्याच्या या वाटेला क्रांतिवृत्त म्हणतात. फेरी ३६० अंशांची आणि वर्ष ३६५ दिवसांचं, म्हणजे सूर्य रोज साधारण एक अंश सरकतो. या वाटेचे ३० अंशांचे बारा सारखे तुकडे पाडले की बारा राशी झाल्या. तुमच्या जन्माच्या वेळी सूर्य ज्या तुकड्यात होता ती तुमची सूर्यरास. इथपर्यंत गुगलचं आणि पंचांगाचं भांडण नाही. भांडण आहे ते पहिला तुकडा कुठून सुरू करायचा यावर. वर्तुळाला टोक नसतं, शून्य कुठेतरी आपणच मांडावं लागतं.

पाश्चात्त्य ज्योतिष हे शून्य वसंतसंपातावर मांडतं. २० किंवा २१ मार्चला सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो, दिवस आणि रात्र जवळपास सारखे होतात. त्या दिवशी सूर्य जिथे असतो तिथून मेष सुरू. या पद्धतीला सायन म्हणतात. ती ऋतूंना बांधलेली आहे. इंग्रजी वर्तमानपत्रांतली आणि बहुतेक परदेशी अॅपवरची रास सायन असते, म्हणून तिथे मेष २१ मार्चपासून १९ एप्रिलपर्यंत चालते. ११ एप्रिलही त्यात बसतो आणि १४ एप्रिलही. ग्रुपवरचं चित्र इथून आलं होतं.

आपल्याकडची पंचांगं शून्य ताऱ्यांवरून मांडतात. आज सर्वाधिक चालणाऱ्या पद्धतीत चित्रा हा तारा १८० अंशांवर धरतात, म्हणजे त्याच्या बरोबर समोरचा बिंदू हे शून्य. ही निरयन पद्धत. आता ऋतूंचं शून्य आणि ताऱ्यांचं शून्य एकाच जागी राहिलं असतं तर काही बिघडलं नसतं. तसं ते राहत नाही.

भोवरा फिरताना त्याचं डोकं सावकाश गोल डुलतं, ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पृथ्वीचा आसही तसाच डुलतो, पण अतिशय हळू. एका डुलण्याला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. त्यामुळे वसंतसंपाताचा बिंदू ताऱ्यांच्या संदर्भात दरवर्षी थोडा मागे सरकतो. किती? साधारण ७२ वर्षांत एक अंश. माणसाच्या एका आयुष्यात एक अंश म्हणा ना. पण शतकं साठत गेली की अंशही साठतात. चित्रा ताऱ्याच्या हिशेबाने ही दोन शून्यं इ.स. २८५ च्या सुमारास एकमेकांवर होती. तेव्हापासून ती लांब होत गेली, आणि आज त्यांच्यात चोवीस अंशांहून किंचित जास्त अंतर आहे. या अंतरालाच अयनांश म्हणतात.

अभ्यासवर्गातल्या पोरांना आम्ही हे असं सांगितलं. समजा वस्तीतली घरं दोन जणांनी मोजली. एकाने विहाराच्या फाटकापासून मोजली, दुसऱ्याने जुन्या वडापासून. मोजायला सुरुवात केली तेव्हा फाटक वडाच्या शेजारीच होतं, त्यामुळे दोघांचे घरनंबर सारखे आले. मग दरवर्षी फाटक हातभर मागे सरकत गेलं. घरं तिथेच, माणसं तीच, पण दोघांचे आकडे जुळेनासे झाले. तुमचं घर फाटकापासून पंचविसावं असेल तर ते वडापासून कदाचित पहिलंच असेल. यात घर हललेलं नाही हे लक्षात ठेवा.

हिशेब करायला एकच वजाबाकी लागते: सायन अंश वजा अयनांश बरोबर निरयन अंश. सायन अंश काढायला आम्हाला एक सोपी युक्ती सापडली. भारत सरकारचं राष्ट्रीय कॅलेंडर, जे राजपत्रावर शके म्हणून छापतात, त्यात १ चैत्र म्हणजे २२ मार्च, लीप वर्षी २१ मार्च. वसंतसंपाताच्या लगेच पुढचा दिवस. म्हणून त्यातली चैत्राची तारीख आणि सूर्याचे मेषेतले सायन अंश जवळपास सारखेच येतात. १४ एप्रिल म्हणजे २४ चैत्र, तेव्हा सूर्य सायन मेषेत सुमारे २४ अंशांवर. त्यातून आजचे २४ अंश वजा करा. उरतं शून्य. म्हणजे आजच्या काळात भीमजयंतीच्या आसपासच सूर्य निरयन मेषेत शिरतो. पंजाबात बैसाखी, तमिळनाडूत नवं वर्ष, बंगालात पोईला बैशाख, हे सगळं आपल्या जयंतीच्या अवतीभवती येतं ते यामुळेच.

आता जोतीराव आणि बाबासाहेब. इथे सावध राहावं लागतं, कारण आजचा अयनांश त्यांच्या जन्मवर्षाला लावता येत नाही. आम्ही पहिल्या फेरीत तीच चूक केली आणि बाबासाहेबांचं उत्तर थेट सीमेवर येऊन बसलं. मग जन्मवर्षाचा अयनांश घेऊन पुन्हा मांडलं.

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१. त्या दिवशी सूर्य सायन मेषेत सुमारे २४ अंशांवर होता. १८९१ चा अयनांश सुमारे २२ अंश २० कला. एका अंशाच्या साठ कला असतात. वजाबाकी केली की दीड-पावणेदोन अंश उरतात. म्हणजे निरयन पद्धतीनेही मेषच, पण अगदी उंबरठ्यावर. सूर्याला मेषेत शिरून दोनेक दिवसच झाले होते.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७. सूर्य सायन मेषेत सुमारे साडेवीस अंशांवर. १८२७ चा अयनांश सुमारे २१ अंश २७ कला. इथे वजा करायचा आकडाच मोठा आहे. उत्तर शून्याच्या मागे जातं, म्हणजे सूर्य अजून मीनेत, तिच्या शेवटच्या अंशात. आणखी एक दिवस गेला असता तर मेष लागली असती.

म्हणजे ग्रुपवर भांडणारे दोघेही आपापल्या पट्टीने बरोबर होते. काकांचं पंचांग चुकलेलं नव्हतं आणि गुगलही नाही.

ही गोष्ट फक्त या दोघांपुरती नाही. वजा करायचे अंश आज चोवीस आहेत आणि रास तीस अंशांची. म्हणून सायन राशीच्या पहिल्या चोवीस अंशांत ज्यांचा सूर्य असतो ते सगळे निरयन पद्धतीत एक घर मागे जातात. शेवटच्या सहा अंशांतले तेवढे त्याच राशीत राहतात. म्हणजे दर पाचांतल्या चौघांची सूर्यरास बदलते. सावित्रीमाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ चा. सायन पद्धतीने मकर, निरयन पद्धतीने धनू. एखाद्या अॅपची किंवा पुस्तकाची पट्टी कोणती हे ओळखायचं असेल तर वर्णनं वाचत बसू नका, तारखा बघा. मकर २२ डिसेंबरला सुरू होत असेल तर सायन, १४-१५ जानेवारीला होत असेल तर निरयन.

यावर कोणी म्हणेल, मग आपली पद्धत खऱ्या ताऱ्यांवर आधारलेली, म्हणजे तीच शास्त्रीय. हा युक्तिवाद आमच्याही बैठकीत आला, आणि मांडणारा मुलगा विज्ञान शाखेचा होता. त्याला आम्ही विचारलं, ताऱ्यांवर आधारलेली म्हणजे कोणत्या ताऱ्यावर?

कारण महाराष्ट्रातच याची दोन उत्तरं आहेत. व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या बाजूचे. लोकमान्य टिळक रेवतीतल्या एका मंद ताऱ्यापासून शून्य मोजण्याच्या बाजूचे. या रैवतपक्षावर चालणारं टिळक पंचांग आजही छापलं जातं. दोन्ही निरयन, दोन्ही ताऱ्यांना बांधलेली, आणि तरीही दोघांच्या शून्यात जवळपास चार अंशांचा फरक. म्हणून टिळक पंचांगात मकर संक्रांत १० जानेवारीला येते, चार दिवस आधी. आता ते चार अंश जोतीरावांच्या हिशेबात घाला. मीनेच्या शेवटच्या अंशातून सूर्य थेट मेषेत, तिसऱ्या अंशाच्या आसपास. केतकरांच्या पट्टीने जोतीराव मीनेचे आणि टिळकांच्या पट्टीने मेषेचे! जोतीरावांना मेषेत आणून बसवायला टिळकांचं पंचांग कामी यावं, यावर आम्ही बराच वेळ हसत होतो.

आणि खरं आकाश बघाल तर उत्तर तिसरंच येतं. तारकासमूह काही तीस-तीस अंशांचे कापलेले नसतात. कन्येचा पसारा मोठा, वृश्चिकाच्या वाट्याला सूर्याची वाट जेमतेम आठवडाभर येते. खगोलशास्त्रज्ञांनी विसाव्या शतकात ठरवलेल्या सीमा धरल्या तर ११ आणि १४ एप्रिल या दोन्ही दिवशी सूर्य मीन तारकासमूहात असतो. मेषेत जायला १८-१९ एप्रिल उजाडतो. म्हणजे सायन पट्टीने दोघे मेषेचे, चित्रापक्षाने एक मीनेचा एक मेषेचा, आणि दुर्बिणीच्या आकाशात दोघेही मीनेचे. तेव्हा "निरयन म्हणजे खरं आकाश" हेही पूर्ण खरं नाही. तीही एक पट्टीच आहे, फक्त तिचा खिळा वेगळ्या ठिकाणी ठोकलेला.

"आपली" या शब्दाबद्दलही थोडं. बारा राशींची विभागणी बाबिलोनकडून ग्रीकांकडे आणि तिथून इकडे आली. वराहमिहिराच्या ग्रंथात मेषेला क्रिय आणि वृषभाला तावुरि अशी नावं सापडतात, ती ग्रीक शब्दांवरून घेतलेली आहेत. ज्यांना म्लेंच्छ म्हणायचं त्यांच्याकडून आलेली यादी पुढे सनातन झाली.

या घोळात एका माणसाने हात घातला होता, त्याचं नाव आमच्या मुलांना ठाऊक असायला हवं. डॉ. मेघनाद साहा. ढाक्याजवळच्या खेड्यातल्या एका गरीब किराणा दुकानदाराचा मुलगा, मागास मानलेल्या जातीतला. कलकत्त्याच्या वसतिगृहात त्यांना जातीवरून वेगळं वागवलं गेलं होतं. पुढे ते जगप्रसिद्ध खगोलभौतिकशास्त्रज्ञ झाले आणि लोकसभेतही निवडून गेले. १९५२ मध्ये नेमलेल्या कॅलेंडर सुधारणा समितीचे ते अध्यक्ष होते. तेव्हा देशात वेगवेगळ्या प्रांतांची वेगवेगळी पंचांगं चालत होती. समितीने १९५५ मध्ये अहवाल दिला. नागरी कॅलेंडर ऋतूंना बांधलं, म्हणजे मुळात सायन. तेच १९५७ च्या २२ मार्चपासून लागू झालेलं राष्ट्रीय कॅलेंडर, ज्याची युक्ती आम्ही वर वापरली. धार्मिक सणांसाठी मात्र निरयन गणित ठेवलं आणि त्यासाठी चित्रापक्षाचा अयनांश ठरवून दिला. समितीचे सचिव निर्मलचंद्र लाहिरी, म्हणून अॅपमध्ये "लाहिरी अयनांश" हा पर्याय दिसतो. आमच्या वरच्या सगळ्या वजाबाक्या त्याच अयनांशाच्या आहेत.

ऋतूंना बांधायचा आग्रह का, हे संक्रांतीवरून कळतं. संक्रांतीला उत्तरायण सुरू होतं, दिवस तिळातिळाने वाढतो असं आपण शाळेत पाठ केलं. प्रत्यक्षात दिवस वाढायला लागतो २२ डिसेंबरपासून. संक्रांत येईपर्यंत तीन आठवड्यांहून जास्त काळ लोटलेला असतो. शिवाय निरयन वर्ष सायन वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लांब आहे. वीस मिनिटं म्हणजे काहीच नाही, पण ७२ वर्षांत त्याचा एक दिवस होतो. बाबासाहेब जन्मले त्या वर्षी सूर्य १२ एप्रिलला मेषेत आला होता. आता तो १३ एप्रिलच्या रात्री किंवा १४ एप्रिलला येतो. आणखी शंभर-दीडशे वर्षांनी १४ एप्रिलला जन्मलेलं प्रत्येक मूल निरयन पद्धतीने मीनेचं असेल. आजही काही वर्षी भीमजयंतीला सकाळी जन्मलेलं बाळ मीनेचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी जन्मलेलं मेषेचं होतं. २०२३ मध्ये तसंच होतं, त्या दिवशी दुपारी राशी बदलली.

आता ताईच्या लग्नाकडे येतो.

तिचा जन्म ५ जुलैचा. कॉलेजात असल्यापासून ती मोबाईलवर वाचत आलेली की आपण कर्क. बायोडेटा करताना दुकानदाराच्या तयार नमुन्यात "रास" असा रकाना होता, तिने कर्क लिहून टाकलं. मुलाकडच्यांनी धनू लिहिलं होतं, ते त्यांच्याकडच्या जुन्या पत्रिकेतून. दोन्ही घरं आपलीच, मुलगा चांगला, बोलणी होत आलेली. मग मुलाच्या काकांनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, कर्कपासून धनू सहावी, धनूपासून कर्क आठवी, हे षडाष्टक. राशीकूटाचे सात गुण गेले. शिवाय मुलीचा वर्ण मुलापेक्षा वरचा पडतोय. जमत नाही.

वर्ण? ताईने आम्हाला फोन केला तेव्हा तिला या शब्दाचाच धक्का बसला होता. "दादा, रास बघताना वर्ण कुठून आला?" तर मित्रहो, तो आहे. ३६ गुणांच्या कोष्टकातलं पहिलंच कूट वर्णाचं, एका गुणाचं. त्यात बारा राशी चार वर्णांत वाटलेल्या आहेत. कर्क, वृश्चिक, मीन ब्राह्मण. मेष, सिंह, धनू क्षत्रिय. वृषभ, कन्या, मकर वैश्य. मिथुन, तूळ, कुंभ शूद्र. नियम असा की मुलाचा वर्ण मुलीच्या बरोबरीचा किंवा वरचा हवा. मुलगी वरची असेल तर गुण शून्य. अनुलोम चालतं, प्रतिलोम चालत नाही, हे आपण कुठे वाचलंय ते सांगायला नको. पंचांगवाले म्हणतात हा स्वभावाचा वर्ण, जातीचा नव्हे. असेल. मग नावं तीच का ठेवली, आणि मुलगी वरची चालत नाही हा नियम स्वभावाला कशाला लागतो?

पण आधी हिशेब. ताईच्या रकान्यात एकावर एक दोन चुका होत्या. पहिली पट्टीची. ५ जुलैला सूर्य सायन कर्केत सुमारे १३ अंशांवर असतो. २४ अंश मागे गेलात की तो मिथुनेच्या १९ अंशांवर येतो. म्हणजे पंचांगाच्या पद्धतीने तिची सूर्यरासही कर्क नव्हेच, मिथुन. दुसरी चूक जास्त मोठी, आणि ती आपल्या मुलांकडून रोज होते. मराठीत पत्रिकेतली "रास" म्हणजे सूर्याची नव्हे, चंद्राची. सूर्य एका राशीत महिनाभर राहतो, चंद्र सव्वादोन दिवस. नुसत्या जन्मतारखेवरून अॅप जी रास सांगतं ती सूर्यरास, सायन. पत्रिकेतली असते ती चंद्ररास, निरयन. दोन्हींना आपण मराठीत रासच म्हणतो, आणि घोटाळा तिथे होतो. चोवीस अंशांचा फरक चंद्रालाही लागतोच, म्हणून परदेशी अॅपवरून चंद्ररास काढली तरी पाचांतल्या चौघांची एक घर पुढची येईल.

ताईची जन्मवेळ तिच्या आईला ठाऊक होती. निरयन चंद्ररास काढली तर तूळ आली. एकाच मुलीच्या तीन राशी झाल्या: कर्क, मिथुन, तूळ. तूळ आणि धनू एकमेकींपासून तिसरी आणि अकरावी, म्हणजे काकांच्याच पंचांगाने षडाष्टक नाही. ज्याच्यावरून लग्न मोडलं तो दोष दोन वेगवेगळ्या पट्ट्यांचे आकडे एकमेकांशी लावल्याने तयार झाला होता. मुलाचे फुटात मोजलेले आणि मुलीचे मीटरमध्ये, असं काहीसं.

आम्ही हे काकांना समजावून सांगायला गेलो. माणूस वाईट नाही, जयंतीला वर्गणी आधी आणून देणारा. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं, पुन्हा पंचांग उघडलं, तूळ आणि धनूचं कोष्टक बोटाने पाहिलं आणि चेहरा खुलला. "मग तर जमतंय की! वर्णाचाही गुण मिळतोय. मुलगा क्षत्रिय, मुलगी शूद्र. आधी मुलगी ब्राह्मण येत होती, म्हणून अडत होतं."

आम्ही गप्प झालो. ही दुरुस्ती आम्हीच घेऊन गेलो होतो. गणित आमचं बरोबर होतं, आणि त्या बरोबर गणिताने आमच्या मुलीला शूद्र ठरवून लग्न जमवलं होतं. ती आठवडाभर ब्राह्मण होती तेव्हा नको होती.

ताईला फोन करून जसंच्या तसं सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता. ती बराच वेळ बोलली नाही. मग तिने एकच विचारलं, "हे मुलालाही माहीत आहे का?" तिने त्यालाच फोन लावला. तो म्हणाला, काका बघतात ते सगळं, मी यात पडत नाही. ताईने नकार कळवला. घरी आईने दोन दिवस अबोला धरला. चांगलं स्थळ होतं, तेही खरंच.

ग्रुपवर त्या चित्राखाली आम्ही तीन ओळींत हिशेब टाकला: सायन, चित्रापक्ष, टिळक पंचांग. एकाने लगेच विचारलं, "मग सर, फायनल रास कोणती?" त्याला पुन्हा फाटक आणि वडाची गोष्ट सांगितली. पटली की नाही माहीत नाही. चित्र मात्र ज्याने टाकलं होतं त्याने स्वतःच काढलं.

परवा ताईबरोबर त्या डीटीपीच्या दुकानात गेलो होतो. नवा बायोडेटा करायचा होता. दुकानदार म्हणाला, नमुन्यात रास, नक्षत्र, गण, नाडी असे चार रकाने आहेत, रिकामे सोडले तर लोक विचारतात. ताई म्हणाली, रिकामे सोडू नका, काढूनच टाका. त्याने चार ओळी पुसल्या. खालचा मजकूर वर सरकला आणि तिच्या नोकरीची माहिती, जी आधी दुसऱ्या पानावर जात होती, ती पहिल्याच पानावर बसली.

जय भीम.